चार सेक्शनची गॅरंटी घेताना एवढं बघा

निपाणी भागातल्या एका सूत रंगवण्याच्या कारखान्यात मी मेंटेनन्स बघतो. आमच्याकडं इचलकरंजीचं काम येतं, तसे इचलकरंजीकडचे माल विकणारेही येतात. त्यातल्याच एकानं आम्हाला हेअरपिन एक्स्चेंजर, म्हणजे गरम पाण्याची उष्णता थंड पाण्याला देणारं यंत्र, विकून कसं फसवलं ते लिहितोय. नाव लिहीत नाही, पण त्याची पद्धत ओळखू यावी.

गरज साधी होती. रंगाच्या यंत्रातून सुटणारं पाणी 90 अंशाचं असतं. तसंच सांडपाणी शुद्ध करणाऱ्या ईटीपीत सोडलं तर तिथले जिवाणू मरतात. ते 45 पर्यंत उतरलं की धुण्याच्या थंड पाण्यात मिसळून चाळिशीच्या आत येतं. शिवाय त्याच उष्णतेवर बॉयलरकडं जाणारं ताजं पाणी तापवून घेता येतं. सांडपाण्यात सुताचा केर फार, प्लेटचा एक्स्चेंजर आठवड्यात तुंबेल, म्हणून पाइपात पाइप असलेला हेअरपिन घ्यायचं ठरलं. आत गरम सांडपाणी, मिनिटाला साठ लिटर. बाहेरच्या पाइपात उलट्या दिशेनं ताजं पाणी, 30 अंशाचं, मिनिटाला शंभर लिटर.

दोन कोटेशनं आली. एकानं दहा सेक्शन सांगितले, या गृहस्थानं चार. शेठनी कारण विचारलं तर म्हणाला, "तुमच्याच पाण्यावर चालवून दाखवतो की!" दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून एक सेक्शन घेऊन आला. तीन-तीन मीटरच्या दोन नळ्या, टोकाला यू बेंड. जोडला, चालवला. 90 चं पाणी आत, 78.5 चं बाहेर. साडेअकरा अंशाचा उतार. मग त्यानं आमच्याच चलनबुकाच्या मागं मांडलं: "साडेअकरा चोक शेहेचाळीस. नव्वदातून गेले शेहेचाळीस, राहिले चव्वेचाळीस. अहो, एक अंश तुम्हाला फुकट!" सगळे हसले आणि सत्तर टक्के आगाऊ गेले.

चारही सेक्शन बसले, पाणी सोडलं, आणि बाहेर आलं 58.5 अंशाचं. पाणी कमी-जास्त करून पाहिलं, पाइपं उलटी जोडली नाहीत ना तेही पाहिलं. जोडणी बरोबर होती.

त्याला फोन केला तर म्हणाला, आत थर बसलाय, ॲसिडनं धुवावं लागेल, त्याचे पैसे वेगळे. चार दिवसांच्या मालात कसला थर बसतो? शेठनी आवाज चढवल्यावर तो आला आणि त्यानं गॅरंटीचा कागद पुढं केला. त्यावर लिहिलं होतं की प्रत्येक सेक्शन, गरम पाणी 90 आणि थंड पाणी 30 अंशाचं असताना, किमान 11 अंश उतार देईल. सगळ्यांत शेवटचा सेक्शन त्यानं सोडवायला लावला, एकटा जोडला, चालवला. उतार साडेअकरा! "बघा, माल पास आहे. तुमच्या लाइनमध्येच काहीतरी गडबड आहे."

इथंच खरी मेख होती. गॅरंटी एकट्या सेक्शनची होती, आणि ओळीत जोडलेल्या सेक्शनला तसं पाणी कधी मिळतच नाही. गरम बाजूच्या पहिल्या सेक्शनला 90 चं पाणी मिळतं खरं, पण त्याच्याशी भेटणारं ताजं पाणी आधीचे तीन सेक्शन फिरून तापलेलं असतं. शेवटच्याला 30 चं थंड पाणी मिळतं, पण त्याच्याकडं येणारं गरम पाणी तोवर निवलेलं असतं. उष्णता वाहते ती दोन पाण्यांतल्या फरकावर, आणि तो फरक प्रत्येक सेक्शनला एकट्याच्या चाचणीतल्यापेक्षा कमीच मिळतो.

तो गेल्यावर मी प्रत्येक सेक्शनच्या दोन्ही टोकांना थर्मामीटर धरून आकडे घेतले. 90, मग 81, 73, 65.5 आणि 58.5. म्हणजे नऊ, आठ, साडेसात आणि सात. पहिल्या सेक्शनलासुद्धा साडेअकरा मिळाले नव्हते. ताजं पाणी शेवटी 49 वर बाहेर पडत होतं. गुणाकाराचा हिशेब इथंच उघडा पडला.

मग खरा आकडा किती? बेळगावात शिकवणारे माझे एक मामेभाऊ आहेत, त्यांनी फोनवरच काढून दिला. त्याच्याच चाचणीवरून निघतो. एकट्या सेक्शनमध्ये थंड पाणी 30 वरून 37 झालं होतं. म्हणजे एका टोकाला फरक 53, दुसऱ्याला 48.5, सरासरी 51 च्या आसपास. साडेअकरा भागिले 51 केलं की 0.226 येतं. एका सेक्शनची ताकद एवढी. आता आपल्याला हवंय ते बघायचं. 90 चे 45 झाले तर तेवढ्या उष्णतेनं ताजं पाणी 30 वरून 57 होणार. एका टोकाला फरक 33, दुसऱ्याला 15. इथं साधी सरासरी चालत नाही, लॉगची घ्यावी लागते: दोन फरकांची वजाबाकी 18, तिला 33 भागिले 15 च्या नैसर्गिक लॉगनं, म्हणजे 0.79 नं भागायचं. येतात 22.8. आता 45 भागिले 22.8, म्हणजे 1.97. आणि 1.97 भागिले 0.226 म्हणजे 8.7. म्हणून नऊ सेक्शन.

तेही पाइप नवे असताना. केर आणि रंगाचा थर बसून उष्णता जाण्याचा वेग पावपट जरी घटला, तरी बारा लागतात. दहा सांगणारा माणूस महाग नव्हता, उलट थोडे कमीच सांगत होता.

ताजं पाणी वाढवून भागेल का, तेही विचारलं. दुप्पट केलं तरी नवाचे आठ होतात, एवढंच. शिवाय ते पाणी कमी तापतं, म्हणजे बॉयलरचा फायदा गेला. आणि शेवटचे सेक्शन तर फारच थोडं देतात. आठाचे नऊ केले तर पाणी 46.4 वरून 44.5 वर येतं, म्हणजे दोन अंशांसुद्धा नाही. पंपाला मात्र प्रत्येक सेक्शनचा दाब लागतोच.

हिशेब घेऊन मी पुन्हा त्याला फोन केला. आकडे ऐकून तो जराही दचकला नाही. शांतपणे म्हणाला, "मग आणखी पाच घ्या की, दरात बघू आपण." तेव्हा कळलं की हा त्याचा धंदाच आहे. आधी चार सांगून ऑर्डर पकडायची, मग पाइप बसल्यावर, दुसरीकडून घेतलं तर फ्लँज जुळत नाही म्हणत उरलेले गळ्यात मारायचे. फ्लँजही त्यानं स्वतःच्याच मापाचे ठेवले होते, बाजारातले बसत नव्हते. आम्ही उरलेले तीस टक्के दिले नाहीत. जोडणीला ॲडॉप्टर बनवून घेतले आणि पुढचे सेक्शन दुसऱ्याकडून घेतोय.

नव्या ऑर्डरवर शेठनी एकट्या सेक्शनचा उतार लिहूच दिला नाही. लिहिलंय ते असं: सगळे सेक्शन ओळीत जोडलेले, सांडपाणी मिनिटाला 60 लिटर 90 अंश, ताजं पाणी मिनिटाला 100 लिटर 30 अंश, शेवटच्या टोकाला सांडपाणी 45 च्या वर जाता कामा नये, चाचणी आमच्याच कारखान्यात आठवडाभर चालवून, आणि निम्मी रक्कम त्यानंतर. चार सेक्शनवाल्याला हाच मसुदा पाठवला होता. त्यानं फोन उचलणं बंद केलं.