कॉइल गेलेली नव्हतीच! गिझर दुरुस्तीत ४,५३० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

आमच्या १५ लिटरच्या गिझरमधून पाणी कोमट यायला लागलं होतं. गार नव्हे, कोमट. बटण चालू केलं की लाल दिवा लागायचा आणि सात-आठ मिनिटांत विझायचा. नेटवर 'अधिकृत सर्व्हिस' म्हणून सापडलेल्या नंबरवर फोन केला आणि जो माणूस आला, त्याने ४,५३० रुपये काढले. व्हिजिट ३५०, कॉइल १,४५०, थर्मोस्टॅट ९५०, गॅस्केट २८०, क्षार काढायचं औषध ९००, मजुरी ६००. असल्या लोकांची पद्धत आपल्याला ऐकून माहीत असते, त्यामुळे ती पुन्हा सांगत बसत नाही. मला सांगायचंय ते त्याने मीटर लावून जे दाखवलं त्याबद्दल, कारण तिथेच सगळा डाव होता.

त्याने खालचं झाकण काढलं, मल्टिमीटर बीपवर ठेवला आणि दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून दाखवली. बीप वाजला. 'मीटर चालू आहे, बघा.' मग एक टोक कॉइलच्या टर्मिनलला लावलं आणि दुसरं टाकीच्या पत्र्याला. आवाज नाही. दुसऱ्या टर्मिनलवरही तेच. 'बघा, कॉइल डेड.'

आता हे चीड येईपर्यंत वाचा. टर्मिनल आणि पत्रा यांच्यात मीटर वाजत नाही, हे करंट बॉडीत उतरत नसल्याचं लक्षण आहे, कॉइल मेल्याचं नाही. तिथे बीप आला असता, तर कॉइल फुटून करंट बॉडीत उतरतोय असा त्याचा अर्थ झाला असता. कॉइल जिवंत आहे का हे बघायचं, तर मीटरची दोन्ही टोकं कॉइलच्या दोन टर्मिनलांवर लावायची असतात, वायरी सोडवून. २००० वॅटच्या कॉइलला तिथे साधारण २६ ओहम दिसतात. तुटलेली असेल तर काहीच दिसत नाही. म्हणजे या माणसाने चांगल्या कॉइलची खूण दाखवून कॉइल मेली म्हणून सांगितलं, तेही माझ्या डोळ्यांसमोर!

दुसरी गोष्ट याहून साधी होती आणि तीच मनातून जात नाही. एकच कॉइल असलेल्या गिझरची कॉइल तुटली तर पाणी गारच राहतं. कोमट होईल कशाने? पाणी तापत होतं, म्हणजे कॉइल काम करत होती आणि तिला कोणीतरी वेळेआधी थांबवत होतं. ते काम थर्मोस्टॅटचं. हिशेबही सरळ आहे. २००० वॅटवर १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे १८ मिनिटं लागतात. दिवा आठव्या मिनिटाला विझत असेल तर पाणी चाळिशीच्या आसपासच थांबलेलं असणार. पण मीटर हातात धरलेला माणूस ठामपणे सांगत असताना हा हिशेब कोणाला सुचतो? मी विजेचं काम शिकलेले नाही. खोटं बोलायलाच जो आलाय, त्याचं खोटं पकडणं हे गिऱ्हाइकाचं काम कधीपासून झालं?

'नवी' कॉइल बसवून झाल्यावर त्याने गिझर चालू केला. दिवा दहा मिनिटं टिकला. 'बघा, आता जास्त वेळ तापवतोय.' पाणी मात्र तेवढंच कोमट. मी तसं म्हटलं, तर उत्तर आलं, 'नवीन कॉइलला रुळायला दोन दिवस लागतात.' कॉइल रुळत वगैरे नाही. पहिल्या दिवशी जेवढी तापते तेवढीच नंतर तापते. मी विचारायच्या आत त्याने जुनी कॉइल 'भंगार आहे' म्हणत पिशवीत घातली होती.

पाणी सुधारलं नाही. मग ओळखीतला इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने मेन स्विच बंद केला, वायरी सोडवल्या आणि कॉइलच्या दोन टर्मिनलांवर मीटर लावला: ३५ ओहम. २३० व्होल्टवर ३५ ओहम म्हणजे १५०० वॅटची कॉइल. माझी २००० वॅटची चांगली कॉइल काढून नेली आणि तिच्या जागी लहान बसवली. दिवा दहा मिनिटं टिकला त्याचं कारण हे! तेवढंच पाणी तापवायला लहान कॉइलला जास्त वेळ लागत होता आणि तोच वेळ मला सुधारणा म्हणून दाखवला गेला. बाहेर काढली तेव्हा तिच्या वळणांच्या मुळाशी जुना पांढरा क्षार घट्ट बसलेला होता. बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी घरातून आलेली, घासूनपुसून नवी केलेली.

थर्मोस्टॅट तर बदललेलाच नव्हता. टर्मिनलजवळच्या प्लास्टिकवर जळका तपकिरी डाग तसाच होता, फक्त वरची चकती पुसून चकचकीत केलेली. इलेक्ट्रिशियनने तो बाहेर ओढला, चकती शेवटपर्यंत फिरवली, दांडी मगात उभी धरली आणि संपर्कांवर मीटर लावला. मीटर वाजत होता. मगात थोडं थोडं गरम पाणी ओतत गेला. तापमापी ४० च्या जवळ येताच टक् झालं आणि आवाज बंद. शेवटच्या खुणेवर हा संपर्क साठीच्या पुढे तुटायला हवा होता. दोष एवढाच होता. नवा थर्मोस्टॅट ३२० रुपये, मजुरी ३००. एकूण ६२० रुपयांचं काम. २००० वॅटची कॉइल मला पुन्हा विकत घ्यावी लागली, ती वेगळी.

आता तक्रारीचं ऐका. गिझर ज्या कंपनीचा, तिथे फोन केला तर 'तो आमचा माणूस नाही, त्यामुळे तक्रार नोंदवता येत नाही.' तुमचं नाव लावून तो फिरतोय, त्याचं काय? 'मॅडम, त्याबद्दल मेल करा.' मेलचं उत्तर यंत्राने पाठवलेलं: आम्ही तुमच्या समाधानासाठी कटिबद्ध आहोत. पोलीस ठाण्यात सांगितलं, हा पैशांचा वाद आहे, ग्राहक तक्रारीकडे जा. तिथे विचारलं, बिलावर दुकानाचं नाव-पत्ता आहे का? नाही, साध्या कागदावर आकडे आहेत. मग समोरचा पक्ष कोण लिहायचा? बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेत, ही फसवणूक धरता येत नाही. प्रत्येक जण दुसऱ्या दाराकडे बोट दाखवतो. त्या माणसाचा फोन नंबर, पैसे गेलेलं खातं, दोन्ही माझ्याकडे आहेत, पण ते बघायला कोणी तयार नाही. तो नंबर नेटवर अजून तसाच झळकतोय. तो काढायला कळवलं, तर 'माहिती तपासली, नियमभंग आढळला नाही' असं उत्तर!

म्हणून सांगते. नंबर नेटवरून घेऊ नका, गिझरच्या पेटीवर किंवा वॉरंटी कार्डावर असतो तो घ्या. जुना पार्ट कोणालाही नेऊ देऊ नका, पैसे दिलेत तर भंगारही तुमचंच. पाणी गार आहे की कोमट आणि दिवा किती वेळात विझतो, हे माणूस यायच्या आधी घड्याळ लावून बघून ठेवा. दिवा अर्धा तास जळूनही पाणी कोमटच येत असेल, तर टाकीतला बाहेर जाणारा पाइप तुटलेला असू शकतो किंवा मिक्सर नळातून गार पाणी मिसळत असेल. तेव्हाही कॉइलचे पैसे देऊ नका. मीटर कुठे लावतोय ते बघा: कॉइलचे दोन्ही टर्मिनल, वायरी सोडवलेल्या, आकडा ओहममध्ये. नवी कॉइल बसवायच्या आधी तोच आकडा पुन्हा दाखवायला लावा आणि वॅटसकट बिलावर लिहून घ्या. टाळाटाळ करत असेल, तर झाकण लावायला सांगून व्हिजिटचे पैसे देऊन परत पाठवा.