फुकटातले गेम: सव्वा वर्ष गोळा केल्यावरचा हिशेब

सव्वा वर्षात लायब्ररीत साठेक गेम जमले. त्यातले खेळलो नऊ. खर्च मात्र झालाच, आणि तो कुठे झाला ते सांगण्यासाठी हे लिहितोय.

एपिक गेम्स स्टोअरवर दर गुरुवारी फुकटचा गेम बदलतो. आपल्याकडे रात्री साडेआठला, आणि अमेरिकेत हिवाळी वेळ लागली की साडेनऊला. Get दाबायचं, पुढच्या पानावर रक्कम शून्य आहे ना ते बघायचं, Place Order दाबायचं, झालं. कार्ड लागत नाही. मी तर बसमध्ये फोनच्या ब्राउझरवरूनच घेऊन ठेवतो, डाउनलोड सवडीने. आठवडा उलटला तरी गेम आपल्याच खात्यात राहतो. इथवर काही गोम नाही.

गोम असते ती आवृत्तीत. मे 2020 मध्ये तिथे ‘सिव्हिलायझेशन VI’ फुकट मिळाला, पण नुसता मूळ गेम. ‘राइज अँड फॉल’ आणि ‘गॅदरिंग स्टॉर्म’ हे मूळ गेममध्ये भर घालणारे मोठे विस्तार विकत. तीस-चाळीस तास खेळून चटक लागली की माणूस ते घेतोच. माझंही दुसऱ्या एका गेमच्या बाबतीत अगदी हेच झालं. वर एका स्टोअरवर घेतलेला विस्तार दुसऱ्या स्टोअरवरच्या गेमला चालत नाही, म्हणजे फुकटच्या गेमपायी आपण त्या दुकानाला बांधले जातो. आता मी विस्ताराला हात लावण्याआधी सगळं एकत्र असलेली आवृत्ती सेलमध्ये इतरत्र कितीला पडते ते बघतो. माझ्या बाबतीत ती स्वस्त होती. कळलं उशिरा.

दुसरी चूक सर्वस्वी माझी. एका वीकेंडला रात्रभर 70 जीबी उतरवून घेतले, रविवारी रंगात आलो, आणि सोमवारी गेमला कुलूप! ती ‘फ्री वीकेंड’ ऑफर होती. स्टीम या दुसऱ्या गेम स्टोअरवर फरक बटणावरच दिसतो: Add to Account असेल तर गेम कायमचा, नुसतं Play Game असेल तर चार दिवसांचा पाहुणा. (एरवीच फुकट असलेल्या गेमवरही Play Game दिसतं, म्हणून वरची तारीख वाचावी.) प्लेस्टेशन प्लसचे मासिक गेम तिसऱ्या जातीचे. वर्गणी चालू तोवर चालतात, थांबली की बंद, परत भरली की पुन्हा उघडतात.

फ्री-टू-प्ले, म्हणजे खेळायला फुकट पण आतल्या वस्तू विकत, अशा गेमची तऱ्हाच निराळी. मी खेळतो त्यात एक पोशाख 1,200 नाण्यांचा, आणि नाणी मिळतात हजाराच्या पुडक्यात. दोन पुडकी घ्या, 800 उरतात. ती वाया जाऊ नयेत म्हणून तिसरं पुडकं घेतलं, पुढचा पोशाख घेतला, आता 600 उरलीत. महिनाभर तशीच पडून आहेत, आणि गेम उघडला की वरच्या कोपऱ्यात तो आकडा आधी दिसतो.