बीपीचं मशीन, मोठा कफ आणि पैसे परत यायची वाट

मशीनबद्दल आधी सांगते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांचं काम होईल. दंडावर बांधायचं डिजिटल बीपी मशीन आहे. पाच-सहा महिने रोज सकाळी वापरतोय. डॉक्टरांकडच्या मशीनशी दोनदा ताडून पाहिलं, फरक किरकोळ आला. सेल बरेच दिवस टिकतात. मशीन चांगलं आहे.

पण हे आमच्या घरात आलेलं दुसरं मशीन. पहिलं परत गेलं, आणि त्याचे पैसे परत मिळवताना जे कळलं ते सगळ्या ज्येष्ठांनी वाचावं म्हणून एवढं लिहितेय. गेल्या आठवड्यात नेरूळच्या आमच्या वन्संचा रिफंड अडकला, तेव्हा तर लिहायचंच ठरवलं.

मी राहते पाचपाखाडीत. गोखले रोडच्या दुकानात मशीनचे 2,600 सांगितले, ॲपवर त्याच कंपनीचं 1,949 ला दिसत होतं. साडेसहाशे रुपये मी सोडणार नव्हते. मुलगा म्हणाला, "आई, माझ्या अकाउंटवरून मागवतो." मी नको म्हटलं. तो बंगळुरूला असतो. डिलिव्हरीचा ओटीपी त्याच्या फोनवर जाणार, तो मीटिंगमध्ये असणार, आणि कुरिअरवाला आमच्या दारात उभा. परतीची वेळ आली तर तो ओटीपीही त्याच्याकडेच. म्हणून अकाउंट माझ्या नंबरवर उघडलं. ॲप प्ले स्टोअरवरून घेतलं, व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून नाही. पत्त्यात विंग, मजला, जवळची खूण नीट टाकली. ईमेलही दिला, कारण बिल तिथे येतं आणि वॉरंटीला तेच लागतं.

पैशांच्या बाबतीत माझं मत आधी पक्कं होतं: वस्तू हातात आली की रोख द्यायचे, त्याहून सुरक्षित काही नाही. सुनेने एकच प्रश्न विचारला, "आई, वस्तू परत केली तर पैसे कुठे येणार?" रोख दिले असतील तर कुरिअरवाला नोटा परत आणून देत नाही. मग खातं क्रमांक आणि आयएफएससी द्यावा लागतो, किंवा पैसे ॲपच्या वॉलेटमध्ये अडकतात. यूपीआयने दिले असतील तर ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परत येतात, कुणाला काही सांगावं लागत नाही. मला हे पटलं. तरी पेन्शनचं खातं मी यूपीआयला जोडलं नाही. पोस्टाजवळच्या बँकेत माझं जुनं बचत खातं आहे, त्यात तीन हजार ठेवले आणि तेच जोडलं. काही गडबड झालीच तर त्या खात्यात जेवढे आहेत तेवढेच जातील. यूपीआय नवीन सुरू केल्यावर पहिले 24 तास 5,000 रुपयांचीच मर्यादा असते, त्यात आमचं बिल आरामात बसलं. पिन टाकण्याआधी पडद्यावर कुणाला आणि किती जाणार हे दिसतं, ते वाचून मगच पिन टाकला.

आता कफ. याबद्दल मी कितीही बोलू शकते. यांचा दंड मध्यावर मोजला तर 35 सेंटीमीटर भरतो. नेहमीचा कफ 22 ते 32 चा असतो. दंडाला कफ लहान पडला की बीपी खऱ्यापेक्षा जास्त दिसतं आणि माणूस विनाकारण घाबरतो. म्हणून मी 22 ते 42 चा कफ लिहिलेलंच मशीन निवडलं होतं आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. खोका आला तेव्हा वॉचमनकडे ठेवू दिला नाही, वर मागवला. चिकटपट्टी आधी उघडून पुन्हा लावलेली नाही ना ते पाहिलं, ओटीपी दिला आणि सुनेला व्हिडिओ घ्यायला लावून कात्री चालवली. मशीनचा सिरियल नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळला. कफवर मात्र छापलं होतं 22–32.

ॲपमध्ये परत करण्याचा पर्यायच नव्हता, फक्त बदलून मिळेल असं होतं. आरोग्याच्या वस्तूंना बऱ्याचदा असंच असतं, आणि हे विकत घेण्याआधी किमतीखालच्या बारीक अक्षरांत दिसतं. 'वर्णनाप्रमाणे नाही' हे कारण निवडून स्क्रीनशॉट आणि कफचा फोटो जोडला. बदलून आलेल्या मशीनमध्येही तोच लहान कफ! मग मी रिफंडच मागितला. विक्रेता म्हणाला, आरोग्याची वस्तू परत घेत नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट आहे की वस्तू जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. तेवढंच वाक्य तक्रारीत लिहिलं आणि पिकअप मंजूर झाला. नेणाऱ्या मुलाने सिरियल नंबर तपासला, ओटीपी घेतला, मी पोचपावती मागून घेतली आणि तिचा फोटो काढला.

त्या फोटोनेच वाचवलं. ॲपवर पुढे बरेच दिवस 'पिकअप झाला नाही' असंच दिसत राहिलं. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर तक्रार नोंदवली, पावती जोडली, आणि त्यानंतर पैसे त्याच बचत खात्यात आले. ॲपमध्ये रिफंडचा बारा अंकी संदर्भ क्रमांक दिसतो, तो दाखवला की बँकेला जमा शोधता येते. दुसरं मशीन वेगळ्या विक्रेत्याकडून घेतलं. आधी त्याला प्रश्न विचारून कफचं माप लेखी घेतलं.

वन्संनी हीटिंग पॅड रोख देऊन घेतला होता. तो तापेना. परत केल्यावर रिफंडसाठी खात्याची माहिती मागितली गेली, आणि त्यांनी कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधला. फोन उचलणारा गोड बोलत होता. आधी म्हणाला, एक ॲप घ्या, मला तुमची स्क्रीन दिसेल. मग म्हणाला, पैसे यायला पिन टाका. तिथे वन्संनी फोन ठेवला आणि मला लावला. पैसे येताना पिन लागतच नाही, पिन फक्त द्यायला लागतो. ते ॲप त्यांनी घेतलं नव्हतं, पैसे गेले नव्हते. गेले असते तर त्याच मिनिटाला 1930 ला फोन करायचा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पसरते.

खात्याची माहिती आम्ही दोघींनी ॲपमध्ये त्याच ऑर्डरच्या पानावर भरली, बाहेरच्या कुठल्या लिंकवर नाही. पैसे अजून यायचेत. मिळालेला तक्रार क्रमांक त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. आणि आमच्या मशीनच्या बिलाची छापील प्रत मी कफच्या पिशवीतच ठेवलीय, कारण वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात आणि ॲप कधी उघडेल न उघडेल.