शंभर रात्रींची ट्रायल, दोन गाद्या आणि एक टेप: आठ महिन्यांनंतर

जानेवारीच्या शेवटी आईच्या खोलीसाठी ऑनलाइन गादी मागवली. आम्ही नागपूरचे, खोलीत एसी नाही, कूलर आहे. हे सांगायचं कारण पुढे येईल.

आईचा पलंग सुताराने बनवलेला, चारी बाजूंनी काठ असलेला. आम्ही त्याला सहा बाय साडेसहा म्हणायचो, म्हणजे ७२ बाय ७८ इंच. ऑर्डर करण्याआधी काठाच्या आतून टेप लावली. लांबी पुरेशी होती, पण रुंदी उशाकडे पावणेएकाहत्तर, मध्ये साडेसत्तर आणि पायथ्याशी एकाहत्तर भरली. यातलं सर्वांत लहान मापच खरं धरायचं. ७२ ची गादी आत कोंबली असती तर मधोमध फुगली असती.

मापानुसार गादी बनवून देतो, असं कंपनी म्हणत होती. पण अटी नीट वाचल्या तेव्हा कळलं की अशा गादीला शंभर रात्री वापरून बघायची ट्रायल नाही, परतही घेत नाहीत. म्हणून गादीचं माप न बदलता पलंगच बदलला. सुताराने दोन्ही बाजूंच्या आतल्या एकेक इंचाच्या पट्ट्या काढल्या. अर्ध्या तासाचं काम, आणि रुंदी साडेबहात्तर झाली.

आठ इंच जाडीची मेमरी फोमची गादी वळकटी होऊन खोक्यात आली. खोकं लिफ्टमधून सहज वर आलं. फेब्रुवारीत आई खूश होती, गादी घट्ट वाटायची. पण मेमरी फोम थंडीत कडक होतो आणि उष्णतेत मऊ पडतो. एप्रिलमध्ये कुशीवर झोपलं की तिची कंबर खोल रुतू लागली, कूस बदलताना तिला हाताचा आधार घ्यावा लागे. पाठीला घाम यायचा तो वेगळाच. ट्रायल मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत होती म्हणून बरं. पावसाळ्यात मागवली असती तर शंभर रात्री उन्हाळा न बघताच संपल्या असत्या.

ब्याऐंशीव्या दिवशी परतीसाठी कळवलं. न्यायला आलेल्या माणसांनी आधी डाग आणि लेबल बघितलं. पहिल्या रात्रीपासून वॉटरप्रूफ प्रोटेक्टर घातला होता, त्यामुळे गादी स्वच्छ होती. आता खरी अडचण आली: उघडलेल्या गादीची घरी पुन्हा तशी वळकटी होत नाही. ती लांब कडेवर उभी करून दारातून निघाली, पण लिफ्टमध्ये मावेना. साडेतीन फुटांच्या जिन्याच्या वळणावर वाकवून, तीन मजले उतरवून नेली. स्प्रिंगची असती तर अशी वाकवता आली नसती. म्हणून आत येणाऱ्या खोक्यासोबत बाहेर जाणाऱ्या गादीसाठीही जिना मोजून ठेवा.

पैसे बारा दिवसांनी जमा झाले. मग त्याच मापाची एचआर फोमची, म्हणजे दाब काढताच लगेच उसळून वर येणाऱ्या फोमची, जरा कडक गादी घेतली. ऐन मेच्या उन्हातही ती रुतली नाही. आई आता हाताचा आधार न घेता कूस बदलते. काठाशी बसून चप्पल घालताना मात्र कडा थोडी दबते.