आधार वर्षाची मापं की चालू वर्षाची: लास्पेअर आणि पाशे, एका किराणा यादीवर

प्रकल्पाचा विषय ठरला की बी.कॉम.ची पोरं माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात. सर, गावातली महागाई मोजायची आहे, लास्पेअर घेऊ की पाशे? पुस्तकात किंमत निर्देशांकाची ही दोन्ही सूत्रं एकाखाली एक छापलेली असतात. p म्हणजे भाव, q म्हणजे माप, ० आधार वर्षाचं आणि १ चालू वर्षाचं. फरक फक्त q च्या खालच्या आकड्याचा दिसतो. त्यामुळे कुठलंही घेतलं तरी चालेल असं वाटतं. तसं नाही.

```
लास्पेअर = (Σp1q0 / Σp0q0) × 100
पाशे     = (Σp1q1 / Σp0q1) × 100
```

लास्पेअर विचारतो, आधार वर्षात घेतला तोच किराणा आज घ्यायला किती पटीनं पैसे लागतील? पाशे उलट बाजूनं विचारतो. आज जो किराणा घेतोय, तो आधार वर्षाच्या भावानं केवढ्यात आला असता, आणि आता केवढ्यात येतो? एकाची पिशवी जुनी, दुसऱ्याची नवी. पिशवी दोन्ही भावांसाठी तीच ठेवायची, हा नियम मात्र दोघांचा सारखा.

आठ माणसांच्या एका घराची महिन्याची यादी घेऊ. आकडे हिशेब सोपा जावा म्हणून मी बेतलेले आहेत, पण यादीचा स्वभाव आमच्याकडच्या कोणत्याही घरातला आहे.

| वस्तू | p0 (₹) | q0 | p1 (₹) | q1 |
|---|---|---|---|---|
| तूर डाळ, किलो | १०० | ६ | १६० | ३ |
| चना डाळ, किलो | ७० | २ | ८० | ५ |
| सोयाबीन तेल, लिटर | १०० | ५ | १३० | ४ |
| ज्वारी, किलो | ३० | २० | ३६ | २० |

चार बेरजा कराव्या लागतात. जुनी यादी जुन्या भावानं १८४० रुपयांची होते आणि तीच यादी नव्या भावानं २४९० ची. नवी यादी जुन्या भावानं १६५० आणि नव्या भावानं २१२०. म्हणून लास्पेअर २४९० ÷ १८४०, म्हणजे १३५.३३. पाशे २१२० ÷ १६५०, म्हणजे १२८.४८. घर तेच, दुकान तेच, पण एक म्हणतो महागाई ३५ टक्के आणि दुसरा म्हणतो २८.

फरक कुठून आला ते यादीच्या पहिल्या दोन ओळीच सांगतात. तूर ६० टक्क्यांनी महागली, चना डाळ १४ टक्क्यांनी. घरच्या बाईनं तुरीचं माप अर्ध्यावर आणलं आणि चना वाढवला. अशा एका घरी मी विचारलं होतं तर ती माउली म्हणाली, "तूर परवडत नाही तं चन्याच्या दाळीचं वरण करतो, काय करावं?" लास्पेअरला ही गोष्ट कळतच नाही. तो आजही सहा किलो तूर धरून बसलेला असतो, म्हणून ६० टक्क्यांच्या वाढीला मोठा भार मिळतो. पाशे तीन किलोच धरतो, म्हणून त्याचा आकडा उतरतो. पण त्या घरानं चन्याचं वरण आवडीनं खाल्लं की नाइलाजानं, हे पाशेलाही कळत नाही. जो भार घर सोसू शकलं नाही आणि त्यानं सोडून दिला, तो त्याच्या हिशेबातून निघून जातो. लास्पेअर महागाई फुगवतो आणि पाशे ती दडवतो, असं म्हणायचं ते याच अर्थानं.

यावरून पोरं एक नियम पाठ करतात: लास्पेअर नेहमी मोठा, पाशे नेहमी लहान. हा नियम घेऊन कास्तकाराच्या घरी गेलात तर फसाल. विकत घेणारा महाग वस्तूपासून दूर जातो, पण विकणारा तिच्याकडे वळतो. समजा एका कास्तकारानं आधार वर्षात २० क्विंटल कापूस ७००० च्या भावानं आणि ५ क्विंटल तूर ६००० च्या भावानं विकली. पुढे कापूस ७३५० वर गेला, तूर ९००० वर. तुरीचा भाव पाहून त्यानं पराटीत तुरीचे तास वाढवले आणि चालू वर्षात १४ क्विंटल कापूस, ११ क्विंटल तूर विकली. आता लास्पेअर १,९२,००० ÷ १,७०,०००, म्हणजे ११२.९४. पाशे २,०१,९०० ÷ १,६४,०००, म्हणजे १२३.११. क्रम उलटला. कोण मोठा हे सूत्र ठरवत नाही. भाव आणि माप एका दिशेला हलतात की विरुद्ध, त्यावर ते ठरतं. बोर्टकिएविच या संख्याशास्त्रज्ञानं हेच सहसंबंधाच्या भाषेत मांडलं: विरुद्ध हलले तर लास्पेअर वर, एका दिशेला हलले तर पाशे वर. त्यामुळे प्रकल्प मजूर घराच्या खर्चाचा आहे की कास्तकाराच्या विक्रीभावाचा, हे आधी ठरवा. सूत्र त्यानंतर.

आता मेहनतीचं बोलू, कारण निवड बरेचदा तिथंच होते. लास्पेअरला मापं एकदाच लागतात. घरोघरी फिरून कोण किती किलो काय खातं हे एकदा लिहून घेतलं, की पुढे फक्त आठवडी बाजारात आणि किराणा दुकानात जाऊन भाव टिपायचे. पाशेला दर वेळी मापं नव्यानं लागतात, म्हणजे दर वेळी घरोघरी फेरी. आणि माप विचारणं भाव विचारण्यापेक्षा कितीतरी अवघड. तेल किती लागतं म्हटलं तर उत्तर पिशव्यांत येतं, ज्वारीचं पायलीत, आणि घरच्या शेतातली तूर तर कोणी मोजलेलीच नसते.

पाशेची आणखी एक अडचण वर्गात सहसा कोणी सांगत नाही. लास्पेअरचे महिन्यामागून महिन्याचे आकडे एकमेकांशी थेट ताडून पाहता येतात, कारण पिशवी सगळीकडे तीच असते. जूनचा १३० आणि जुलैचा १३३ असेल तर मधला फरक भावाचाच. पाशेत जूनची पिशवी जूनची, जुलैची जुलैची. प्रत्येक आकडा आधार वर्षाशी नीट जुळतो, पण जून आणि जुलै एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांच्यातल्या फरकात भावही असतो आणि बदललेलं मापही.

सरकारनं लास्पेअरचा रस्ता धरला त्यामागे हेही कारण आहे. ग्राहक किंमत निर्देशांकात भार आधीच्या एका खर्च सर्वेक्षणातून घेऊन ठेवतात आणि पुढे दर महिन्याला भावच गोळा करतात. पाशेच्या जातीचा निर्देशांक पाहायचा असेल तर जीडीपी डिफ्लेटर बघा, कारण तिथं चालू वर्षाची उत्पादनं तशीही मोजलेलीच असतात.

पण जुनी पिशवी किती जुनी होऊ द्यायची? शेतमजुरांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक श्रम ब्युरो काढतं. त्याची १९८६-८७ ची मालिका थेट २०२५ पर्यंत चालली आणि तिचे भार १९८३ च्या खर्च सर्वेक्षणातले होते. त्यात अन्नाचा वाटा जवळपास ६९ टक्के. मोबाईलचं रिचार्ज त्या यादीत असणं शक्यच नव्हतं, आणि आज ते बहुतेक मजूर घरांत आहे. रोजगार हमीची मजुरी वर्षानुवर्षं याच निर्देशांकाला धरून वाढवली गेली, त्यामुळे हा वाद नुसता पुस्तकी नाही. नवी मालिका २०१९ आधार धरून आली, तरी भार २०११-१२ च्या सर्वेक्षणाचे आहेत. तेव्हा लास्पेअर निवडताना आधार वर्ष शक्य तितकं जवळचं घ्या, आणि ते वर्ष सर्वसाधारण असू द्या. गुलाबी बोंडअळीनं पराटी खाल्लेलं वर्ष आधार म्हणून घेतलं, तर घराची मापंच आखडलेली निघतील.

परीक्षेत मात्र निवड तुमची नसते. प्रश्नातच नाव दिलेलं असतं आणि गुण बेरजांना असतात. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे वर p1q1 आणि खाली p0q0 घेणं. आपल्या यादीत त्याचं उत्तर ११५.२२ येतं. हा मूल्य निर्देशांक झाला, किमतीचा नव्हे. त्यात मापं घटल्याचा परिणामही मिसळला आहे. एकेका वस्तूचा p1 ÷ p0 × १०० म्हणजे तिचा किंमत सापेक्ष; उत्तर सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या किंमत सापेक्षांच्या मधे आहे का, ही ताळ्याची जुनी पद्धत चांगली आहे. आपल्याकडे ती हद्द ११४.२९ ते १६०. पण हे चुकीचं ११५.२२ सुद्धा त्या हद्दीत बसून सुटतं! म्हणून आधी बोट ठेवून बघा: वरचा q आणि खालचा q एकच आहे ना?

फिशरचा आदर्श निर्देशांक या दोघांचा गुणोत्तर मध्य. आपल्या किराणा यादीसाठी √(१३५.३३ × १२८.४८), म्हणजे १३१.८६. काल उत्क्रमण कसोटीत दोन्ही वर्षांची अदलाबदल करून निर्देशांक पुन्हा काढतात आणि दोन्ही उत्तरांचा गुणाकार बघतात. तिच्यात लास्पेअर आणि पाशे दोघेही नापास होतात. लास्पेअर पुढे १.३५३३ आणि मागे ०.७७८३ येतो. गुणाकार १ यायला हवा, येतो १.०५. फिशर या कसोटीत पास होतो, आणि किमतीचा व मापाचा निर्देशांक गुणून मूल्य निर्देशांक येतो का हे बघणाऱ्या घटक उत्क्रमण कसोटीतही. पण त्याला पाशेइतकीच मेहनत लागते, आणि १३१.८६ ही नेमकी कोणत्या पिशवीची महागाई, असं गावात कोणी विचारलं तर दाखवायला पिशवी नसते.

म्हणून मी सांगतो ते असं. घरोघरी एकच फेरी जमणार असेल तर लास्पेअर घ्या, आणि मापं कधीची हे अहवालात स्पष्ट लिहा. दोन फेऱ्या जमत असतील तर दोन्ही काढा आणि त्यांच्यातला फरक वस्तूवार उलगडून दाखवा, कारण तुमच्या गावानं कशाऐवजी काय खाल्लं हे त्या फरकातच सापडतं. फक्त दोन्ही फेऱ्या वर्षाच्या एकाच महिन्यात करा. एका पोरीनं पहिली फेरी जूनमध्ये केली आणि दुसरी पोळ्याच्या आठवड्यात. चना डाळ दुपटीनं वाढलेली पाहून तिनं तूर महागल्याचा परिणाम म्हणून दोन पानं लिहिली. मी वही परत दिली आणि विचारलं, "पोळ्याला तुमच्याकडे पुरण कशाचं करतात?"