झटका थांबवताना: नाकातील मिडाझोलम की गुदमार्गे डायझेपाम?

मेळघाटातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिका ताईंनी विचारले की, पाच मिनिटे उलटूनही झटका थांबत नसेल आणि शीरही सापडत नसेल, तर या दोहोंपैकी काय द्यावे.

बारा किलोचे तीन वर्षांचे मूल घेऊ. डायझेपाम किलोमागे 0.5 मिग्रॅ म्हणजे 6 मिग्रॅ लागते; पण अंग ताठ झालेल्या मुलाचे कपडे काढून ते देण्यात वेळ जातो आणि औषध बाहेरही येऊ शकते. मिडाझोलम किलोमागे 0.2 मिग्रॅ म्हणजे 2.4 मिग्रॅ. एका फवाऱ्यात 0.5 मिग्रॅ असलेल्या बाटलीचे पाच फवारे, दोन्ही नाकपुड्यांत वाटून, पुरेसे होतात. मात्र 1.25 मिग्रॅच्या बाटलीचे दोनच फवारे लागतात. सवयीने पाच दिले, तर मात्रा 6.25 मिग्रॅवर जाते, म्हणून लेबल प्रत्येक वेळी वाचावेच. शेंबडाने भरलेले नाक आधी पुसावे, नाहीतर औषध नीट शोषले जात नाही.

श्वास मंदावण्याचा धोका दोन्हींत आहे. मुलाला कुशीवर ठेवून, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत श्वास व ऑक्सिजन पाहत राहावे आणि अंबू बॅग हाताशी ठेवावी.

नाक मोकळे असेल तर माझी पसंती मिडाझोलमला आहे. नाकातून रक्त येत असेल किंवा फवारा उपलब्ध नसेल, तर डायझेपाम द्यावे. एका मात्रेनंतरही झटका चालू राहिल्यास डॉक्टरांना कळवून 108 बोलवावी.