यूट्यूबच्या कमाईचे तीन आकडे: अकरा महिने नोंद ठेवल्यानंतरचा अनुभव

यूट्यूबवरील माझ्या लहानशा चॅनेलला कमाई सुरू होऊन अकरा महिने झाले. सुरुवातीला यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनेल सांभाळण्याच्या पानावर, महिन्यासमोर दिसणारा आकडा म्हणजेच मिळणारी रक्कम, असे मी धरून चालत होतो, आणि बँकेत वेगळी रक्कम आली की हिशेबात चूक झाली असावी असे वाटे. पुढे मी एका वहीत तारीख घालून आकडे उतरवू लागलो, तेव्हा लक्षात आले की अंदाजित कमाई, अंतिम कमाई आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम या तीन निरनिराळ्या गोष्टी असून प्रत्येकीची स्थिर होण्याची वेळ वेगळी आहे.

नोंदवहीतला मार्च महिना येथे तपशिलाने देतो, कारण त्यात बहुतेक सगळे फरक एकत्र आले होते. १ एप्रिलला स्टुडिओत मार्चची कमाई ७९.९० डॉलर दिसत होती. ती अपुरी होती, कारण कमाईचे आकडे साधारण दोन दिवस मागे असतात आणि महिन्याचे शेवटचे दिवस तोवर त्यात आलेले नसतात. शिवाय तेथील दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार मोजला जातो, त्यामुळे महिनाअखेर आपल्या घड्याळाशी जुळत नाही. ४ तारखेला हाच आकडा ८६.१० झाला आणि मी तोच खरा मानला असता, पण आठवडाभरात तो ८५.४० वर उतरला. अंदाजित कमाईत दोनदा दुरुस्ती होते: पहिली कमाई झाल्यानंतर सुमारे आठवड्याने, जिच्यामुळे आकडा अधिक पूर्ण होतो, आणि दुसरी पुढील महिन्याच्या मध्यास, जिच्यामुळे तो अधिक अचूक होतो. खऱ्या प्रेक्षकांकडून न आलेले व्ह्यू व क्लिक म्हणजे अवैध ट्रॅफिक, कंटेंट आयडी या स्वामित्वहक्काचा मजकूर ओळखणाऱ्या यंत्रणेतील दावे व त्यांवरील वाद, आणि काही विशिष्ट प्रकारच्या जाहिरात मोहिमा ही या बदलांची कारणे असतात.

मार्चची अंतिम कमाई ८३.२० डॉलर ठरली. अंतिम आकडा पुढील महिन्याच्या ७ ते १२ तारखेदरम्यान यूट्यूबसाठीच्या अ‍ॅडसेन्स खात्यात, म्हणजे गूगल ज्यातून पैसे देते त्या खात्यात, शिल्लक म्हणून जमा होतो, आणि येथेच माझा सर्वाधिक गोंधळ उडत असे. १० एप्रिलला अ‍ॅडसेन्समध्ये ८३.२० होते, तर स्टुडिओत त्याच दिवशी अजून ८५.४० दिसत होते. दोन्ही आकडे महिन्याच्या मध्यानंतरच जुळले. म्हणून ७ तारखेपूर्वी तुलना करण्यात अर्थ नाही आणि १५ तारखेपूर्वी फरक दिसला तरी काळजीचे कारण नाही, असे मी आता ठरवून टाकले आहे. महिना संपता संपता स्टुडिओचा आकडा मोजून खर्च ठरवणे मी पूर्णपणे थांबवले.

तिसरा आकडा मात्र केवळ दुरुस्त्यांमुळे वेगळा नसतो. अमेरिकेतील प्रेक्षकांकडून मिळालेल्या कमाईवर कर कापला जातो आणि ही कपात स्टुडिओत दिसत नाही. ती अ‍ॅडसेन्सच्या व्यवहारांत स्वतंत्र ओळ म्हणून येते. तिचा दर भरलेल्या कर-अर्जावर आणि लागू कर-करारावर ठरतो. माझ्या बाबतीत तो १५ टक्के होता. मार्चच्या ८३.२० पैकी २० डॉलर अमेरिकेतील प्रेक्षकांकडून आले होते, म्हणून ३ डॉलर कापले गेले आणि ८०.२० उरले. संपूर्ण कमाईवर १५ टक्के कापले असे समजून मी पूर्वी एकदा उगाच घाबरलो होतो, म्हणून ही बाब मुद्दाम लिहितो आहे.

एप्रिलमध्ये मला प्रत्यक्षात १३९.७० डॉलर दिले गेले. वाढीव ५९.५० फेब्रुवारीचे होते: त्या महिन्याची अंतिम कमाई ६१.३० आणि कर १.८०. मार्चमध्ये शिल्लक १०० डॉलरच्या उंबरठ्याखाली असल्याने रक्कम दिली गेली नाही, ती पुढे सरकली. उंबरठा ओलांडलेला असेल आणि खात्यातील रक्कम कोणत्याही कारणाने अडवून ठेवलेली नसेल, तर रक्कम २१ ते २६ तारखेदरम्यान पाठवली जाते. पाठवल्याची तारीख आणि बँकेत जमा होण्याची तारीख यांत काही दिवस जातात. बँकेचे शुल्क आणि चलनाचा दर लागून हातात येणारी रक्कम आणखी वेगळी होते, पण तो फरक अ‍ॅडसेन्समध्ये शोधू नये, कारण तो तेथे असतच नाही.

म्हणून माझ्या वहीत आता प्रत्येक महिन्याला दोन ओळी असतात. पहिलीत त्या महिन्याची अंतिम कमाई आणि कर, दुसरीत दिलेली रक्कम व तिच्यात कोणत्या महिन्यांची शिल्लक आली आहे ते. वार्षिक हिशेबासाठी मी याच ओळी वापरतो, स्टुडिओतील अंदाज नव्हे. एक मर्यादा तरीही राहते: ४ एप्रिलचा अंदाज आणि अंतिम कमाई यांच्यातला २.९० डॉलरचा फरक नेमका कोणत्या व्हिडिओमुळे आणि कोणत्या कारणाने पडला, हे मला कोठेच ओळीने मांडलेले सापडले नाही. तसेच अवैध ट्रॅफिक उशिरा आढळल्यास अंतिम झालेल्या कमाईतूनही नंतर वजावट होऊ शकते, आणि ती मूळ महिन्याचा आकडा न बदलता पुढील व्यवहारांत वेगळी ओळ म्हणून दिसते. त्यामुळे शिल्लक अचानक कमी दिसली की मी प्रथम व्यवहारांची यादी उघडतो.